भाड्याच्या घरातला फ्रिज बंद पडला: घरमालकाला काय लिहायचं, आणि खर्च कोणाचा?

"काका, फ्रिज बंद पडलाय ओ, जरा बघा की."

बेळगावात टिळकवाडीपासून वडगावपर्यंत भाडेकरूकडून मालकाला जाणारा मेसेज साधारण एवढाच असतो. मालक बहुतेक वेळा घरात राहत नाहीत. कोणी खानापूरला असतं, कोणी गडहिंग्लजला, कोणी मुलाकडे पुण्याला. तिकडून उत्तर येतं, "तुम्हीच एखादा मेकॅनिक बोलावून घ्या." मेकॅनिक येतो, काम करतो, तीन-साडेतीन हजार घेऊन जातो. पुढच्या महिन्यात भाडेकरू तेवढी रक्कम भाड्यातून वळती करतो आणि तिथून वाजायला लागतं. 'बोलावून घ्या' म्हणजे तुमच्या पैशाने, असं मालकाच्या मनात असतं. मालकांनीच करून घ्यायला सांगितलं, म्हणजे पैसे तेच देणार, असं भाडेकरूने धरलेलं असतं. खोटं कोणीच बोलत नाही, फक्त पैशाबद्दल कोणी काही लिहिलेलंच नसतं.

म्हणून मेसेज कसा लिहायचा हे कळण्यासाठी आधी खर्च कोणाचा हे समजून घ्यावं लागतं. त्यासाठी सगळ्यात आधी पाहायचं ते भाडेकरारातलं सामानाचं पान. बेळगावात 11 महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर होतो आणि शेवटी फॅन, ट्यूबलाइट, गीझर, कपाटं अशी यादी असते. त्या यादीत फ्रिज असेल, तर तो घरासोबत भाड्याने दिलेला आहे आणि तुमच्या भाड्यात त्याच्या वापराचे पैसेही आले. यादीत नसेल आणि आधीचा भाडेकरू जाताना सोडून गेलेला असेल, तर मालक म्हणू शकतात, "मी फ्रिज दिलाच नव्हता. होता म्हणून तुम्ही वापरलात." अशा वेळी त्यांच्याकडून दुरुस्तीची अपेक्षा धरणं अवघड आहे. तुम्हाला हवा असेल तर तुम्ही नीट करून घ्या, मात्र तो विकायचा किंवा भंगारात घालायचा असेल तर त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

आता यादीत फ्रिज आहे, पण तो बिघडला तर कोणी नीट करायचा याबद्दल करारात एक ओळही नाही, असं धरून चालू. बहुतेकांची स्थिती हीच असते. इथे इंटरनेटवर शोधणाऱ्यांचा एक ठरलेला गोंधळ होतो. मराठीत शोधलं की पुण्या-मुंबईची माहिती समोर येते, लीव्ह अँड लायसन्स आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा. मालक कोल्हापूरचे असोत, करार मराठीत असो, घर बेळगावात आहे म्हणजे कर्नाटकाचे नियम. आणि कर्नाटकाचा 1999 चा भाडे कायदाही बहुतेक फ्लॅटना लागू होत नाही, कारण त्यात भाड्याची मर्यादा आहे: मोठ्या शहरांत महिना 3,500 रुपये, इतरत्र 2,000. त्याहून जास्त भाड्याची घरं त्या कायद्याच्या बाहेर. एवढ्या भाड्यात आज टिळकवाडीत खोलीसुद्धा मिळायची नाही.

मग उरतात दोन जुने केंद्रीय कायदे. घरासाठी 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. फ्रिज ही हलवता येणारी वस्तू, म्हणून तिच्यासाठी 1872 चा भारतीय करार कायदा. लग्नासाठी मंडपवाल्याकडून भांडी आणली तर आपण ती आपलीच असल्यासारखी जपून वापरायची, आणि जपून वापरूनही जुन्या पातेल्याचा टाका सुटला तर त्याची भरपाई आपण करायची नाही. फ्रिजचंही तसंच आहे. करार कायद्याचं कलम 151 सांगतं की दुसऱ्याची वस्तू ताब्यात असताना साधारण शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घेतली असती तेवढी काळजी घ्या. कलम 152 सांगतं की तेवढी काळजी घेतलेली असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर वस्तू बिघडल्याची जबाबदारी तुमच्यावर नाही.

म्हणजे सगळं येऊन थांबतं ते 'फ्रिज का बंद पडला' या प्रश्नावर. वयाने बंद पडला तर मालकाचा खर्च, तुमच्या हाताने बिघडला तर तुमचा. आणि हे ना मालक फोनवर ठरवू शकतात ना तुम्ही. ते फ्रिजच्या मागच्या बाजूला बसलेला माणूस सांगतो.

तरी त्याला बोलावण्याआधी दोन-तीन गोष्टी घरीच कळतात. दार उघडल्यावर दिवा लागत नसेल तर आधी त्याच पॉइंटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. पुष्कळदा फ्रिज ठीक असतो आणि पॉइंटच गेलेला असतो. दिवा लागतो पण मागचा कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, दर काही मिनिटांनी नुसता 'टक्' आवाज येऊन पुन्हा शांत, असं असेल तर रिले किंवा ओव्हरलोड गेल्याची शक्यता मोठी. हे लहान, स्वस्त भाग आहेत आणि काही शे रुपयांत काम होतं. मात्र तसाच 'टक्' आवाज कॉम्प्रेसर आतून जाम झाला तरी येतो, आणि ते काम महाग असतं. तिसरा प्रकार म्हणजे दिवा लागतो, कॉम्प्रेसर अखंड घुमतो, गरमही लागतो, पण फ्रीझरमध्ये बर्फ धरत नाही किंवा एका कोपऱ्यातच थोडासा धरतो. तेव्हा बहुधा गॅस गेलेला असतो.

गॅस कुठून गेला यावर भांडणाचा निकाल लागतो, म्हणून इथे जरा थांबू. जुन्या फ्रिजमध्ये मागच्या किंवा खालच्या नळीला गंज चढून बारीक छिद्र पडतं. आमच्याकडच्या पावसाळ्यात चार महिने भिंती ओलसर राहतात, त्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या फ्रिजची मागची बाजू लवकर गंजते. असा लीक असेल तर त्या जागी तेलाचा डाग दिसतो, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेलही बाहेर येतं. हा वयाचा दोष. पण छिद्र फ्रीझरच्या आतल्या पत्र्याला असेल तर गोष्ट वेगळी. सिंगल डोअर फ्रिजमध्ये फ्रीझरचा पत्रा ॲल्युमिनियमचा असतो आणि गॅसची वाट त्याच पत्र्यातून जाते. साचलेला बर्फ सुरीने किंवा उलथण्याने खरवडायला गेलं की टोक आत घुसतं, फुस्स आवाज येतो आणि त्या दिवसापासून फ्रिज संपला. तिथे ओरखडा आणि छिद्र स्पष्ट दिसतं. मेकॅनिकला ते ओळखायला मिनिटही लागत नाही आणि त्या खर्चातून भाडेकरूची सुटका नाही.

व्होल्टेजचं प्रकरण या दोन्हींच्या मध्ये येतं. वळवाच्या पावसात तारा एकमेकींना लागल्या, बिल्डिंगमध्ये तिघांचे टीव्ही गेले आणि तुमचा फ्रिजही गेला, तर त्यात तुमचा हलगर्जीपणा नाही. पण मालकांनी फ्रिजला स्टॅबिलायझर लावून दिला होता आणि तुम्ही तो काढून टीव्हीला जोडला होता, तर त्यांनी बोट दाखवलं तर चूक नाही. शेजाऱ्यांकडेही त्याच रात्री काही जळलं असेल, तर मेसेजमध्ये ते जरूर लिहा. मालक त्यांना फोन करून खात्री करू शकतात.

आता एक उदाहरण घेऊ. टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, भाडं 9,500 रुपये, मालक गडहिंग्लजला. फ्रिज सात वर्षांचा, सिंगल डोअर. भाडेकरू राहायला येऊन आठ महिने झालेत. मंगळवारी रात्री फ्रिज गार व्हायचा थांबला. मालकांना मेसेज असा जावा:

"काका, नमस्कार. फ्लॅटमधला तुमचा फ्रिज (सिंगल डोअर, 190 लिटर) मंगळवारी रात्रीपासून गार होत नाही. आतला दिवा लागतो, कॉम्प्रेसर चालू असतो आणि गरमही लागतो, पण फ्रीझरमध्ये बर्फ अजिबात धरत नाही. प्लग दुसऱ्या पॉइंटला लावून पाहिला, तरी तसंच. बर्फ काढायला सुरी वगैरे काही वापरलेलं नाही. फ्रीझरच्या आतला फोटो, मागच्या बाजूचा फोटो, मॉडेल नंबरच्या स्टिकरचा फोटो आणि एक छोटा व्हिडिओ सोबत पाठवतोय.

करारातल्या सामानाच्या यादीत फ्रिज 'चालू स्थितीत' असा लिहिला आहे. दुरुस्ती कोणी करायची ते लिहिलेलं नाही. माझ्या समजुतीप्रमाणे नेहमीच्या वापरात बिघडला असेल तर खर्च तुमच्याकडे यावा. माझ्या वापरामुळे काही झालंय असं मेकॅनिकने सांगितलं तर मी देईन. तुमचं काय म्हणणं आहे ते कळवा.

फ्रिजचं बिल किंवा वॉरंटी कार्ड असेल तर फोटो पाठवा, कॉम्प्रेसरची वॉरंटी शिल्लक असू शकते. मेकॅनिक तुम्ही पाठवणार का मी बोलावू? मी बोलावला तर तपासणीचे पैसे आत्ता मी देतो. दुरुस्तीचा आकडा तुम्हाला कळवीन आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय काम सुरू करायला सांगणार नाही. शनिवारपर्यंत कळवलंत तर बरं होईल, घरात लहान मूल आहे, दुधाची अडचण होतेय."

लांब वाटेल, पण यातलं प्रत्येक वाक्य पुढचा एकेक फोन वाचवतं. 'माझी चूक निघाली तर मी देईन' हे वाक्य लिहायला भाडेकरू कचरतात. माझ्या मते सगळ्या मेसेजमध्ये सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे. त्याने मालकांच्या मनातली पहिली शंका, म्हणजे यांनीच काहीतरी केलं असणार, ती बोलून दाखवायच्या आधीच हाताळली जाते. अर्थात खरंच सुरी वापरली असेल तर 'वापरलेली नाही' असं लिहू नका. फ्रीझरचा फोटो तुम्हीच पाठवताय.

वॉरंटीची ओळही विसरू नये. बऱ्याच कंपन्या पूर्ण फ्रिजला एक वर्ष आणि कॉम्प्रेसरला 10 वर्षं वॉरंटी देतात. सात वर्षांच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला तर नवा कॉम्प्रेसर फुकट मिळू शकतो, गॅस भरणं आणि मजुरी तेवढी द्यावी लागते. पण बिल मालकांच्या कपाटात असतं, त्यामुळे हा फायदा भाडेकरूला एकट्याने घेता येत नाही. आणि त्याआधी बाहेरच्या मेकॅनिकने कॉम्प्रेसरशी खटपट केलेली असेल तर कंपनी हात वर करू शकते. तेव्हा बिलाचं उत्तर येईपर्यंत फ्रिज कोणाला उघडायला देऊ नका.

मालक कन्नड बोलणारे असतील तर फोनवर कन्नडमध्ये बोला, ते बरं पडतं. पण बोलणं झाल्यावर ठरलं ते दोन ओळीत लिहून पाठवा, कन्नडमध्ये, इंग्रजीत, जमेल तसं. फोनवरचा होकार महिन्याभराने दोघांच्याही आठवणीत वेगवेगळा असतो.

आपल्या उदाहरणात काकांचं उत्तर आलं, "बिल सापडत नाही. तुम्हीच दाखवा कोणाला तरी." मेकॅनिक आला, तपासणीचे 350 घेतले आणि मागच्या नळीला गंजून लीक आहे म्हणाला. लीक बंद करून, फिल्टर बदलून, गॅस भरून 2,900 रुपये. आता लगेच 'करा' म्हणायचं नाही. मेकॅनिककडून कागदावर तीन गोष्टी घ्यायच्या: दोष काय, कशामुळे, आणि आकडा. गंजलेल्या जागेचा फोटो काढायचा. मग दुसरा मेसेज: "काका, मागची नळी गंजून गॅस गेलाय, फोटो आणि कागद पाठवलाय. 2,900 होतील, तपासणीचे 350 मी दिलेत, एकूण 3,250. करून घेऊ का? मी आत्ता देतो आणि पुढच्या महिन्याच्या भाड्यातून कमी करतो, म्हणजे भाडं 6,250 पाठवीन. चालेल का?" यावर 'चालेल' एवढा एक शब्द आला की काम झालं. हजारभर रुपयांचा वकील त्या एका शब्दात वाचतो.

तो शब्द आला नाही तर? 'कायद्यात आहे' म्हणून भाडं परस्पर कापायचा सल्ला पुष्कळजण देतात. 1882 च्या कायद्यातलं कलम 108 तसा हक्क देतं हे खरं. कळवूनही मालकांनी वाजवी मुदतीत त्यांच्यावर असलेली दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण ते कलम घराच्या दुरुस्तीबद्दल आहे, गळणारं छत, फुटलेली नळाची लाइन. फ्रिज त्यात बसतो का यावर वाद घालता येतो, आणि तुम्ही कापलेले 3,250 मालकांच्या वहीत भाड्याची थकबाकी म्हणून बसतात. घर रिकामं करताना ते डिपॉझिटमधून निघतात, कधी व्याजासकट. लेखी होकाराशिवाय फ्रिजचे पैसे भाड्यातून कापू नयेत असं मला वाटतं. भोग्यावर घर घेतलेल्यांना तर कापायला भाडंच नसतं, तिथे सगळं लेखी होकारावरच.

काही मालक उलट बाजूने कायदा काढतात. केंद्राने 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायदा काढला. त्याच्या परिशिष्टात गीझरची दुरुस्ती आणि विजेच्या उपकरणांची दुरुस्ती भाडेकरूच्या बाजूला घातली आहे, आणि तो कागद कोणीतरी पुढे ढकलतो. पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि परिशिष्टात फ्रिजचं नावही नाही. तरीसुद्धा मालकांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही हे ध्यानात ठेवून बोलावं.

अडून बसलेल्या मालकांशी मधला मार्ग बहुधा निघतो. सात वर्षांच्या फ्रिजमध्ये तीन हजार घालायचे का, हा प्रश्न त्यांनाही पडलेला असतो. निम्मे-निम्मे म्हणाले आणि तुम्ही अजून वर्षभर राहणार असाल, तर 1,625 रुपये देऊन मोकळं होणं मला तरी परवडतं. मात्र फ्रिज मालकांचाच राहणार हे लिहून घ्यावं, आणि पुढच्या वेळेला हाच पायंडा नाही हेही. दुसरा मार्ग म्हणजे मालक म्हणतात, "मी करणार नाही, उचलून ठेवा." मग फ्रिज सामानाच्या यादीतून काढल्याचं लिहून घ्या आणि भाडं दोन-तीनशेने कमी करता येईल का ते विचारा. तुम्ही स्वतःचा फ्रिज आणलात तर जाताना तो तुमचा, हेही त्याच मेसेजमध्ये यावं. कसंच जमलं नाही तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करता येतो, तिथे दोघांना बोलावून तडजोडीचा प्रयत्न करतात. तीन हजारांसाठी दिवाणी दावा लावणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

काम झाल्यावर एक गोष्ट बहुतेकांच्या हातून सुटते. मेकॅनिकने काढलेला जुना कॉम्प्रेसर किंवा मोटर मालकांची आहे, मेकॅनिकची नाही. तांब्याच्या वायंडिंगमुळे भंगारात त्याला पैसे येतात आणि मेकॅनिक तो बिनबोलता पिशवीत टाकतो. द्यायचा तर मालकांना विचारून, आणि त्याचे पैसे बिलातून कमी करून. पावतीवर मॉडेल नंबर आणि गॅसचं नाव लिहून घ्या. कॉम्प्रेसरच्या स्टिकरवर R600a असं छापलेलं असेल तर तो पेट घेणारा गॅस आहे. त्यात दुसराच गॅस भरणारा किंवा पेटता टॉर्च घेऊन थेट नळीला भिडणारा मेकॅनिक घरात नको, खर्च कोणाचाही असो.

आणि 11 महिने भरून करार नव्याने करायची वेळ आली, की सामानाच्या यादीखाली एवढं एक वाक्य टायपिंगवाल्याकडून घालून घ्या: 'फ्रिज घरमालकाच्या मालकीचा असून नेहमीच्या वापरातील बिघाडाची दुरुस्ती घरमालक करील, भाडेकरूच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या बिघाडाची दुरुस्ती भाडेकरू करील, आणि 500 रुपयांपर्यंतची किरकोळ दुरुस्ती कारण न पाहता भाडेकरू करील.' शेवटचा तुकडा मालकांना आवडतो. बल्ब आणि दाराच्या रबरासाठी रोज फोन येणार नाही म्हटल्यावर बाकीच्या वाक्यावर ते फारसे अडत नाहीत.